‘ठीक आहे’ या शेऱ्याऐवजी नोंदीत काय लिहावं

प्रश्न : आमच्याकडे मोजमापाची तीसेक साधनं आहेत. वर्षातून एकदा मी प्रत्येक साधन स्लिप गेजवर तपासतो, गरज असेल तर झिरो लावतो आणि रजिस्टरमध्ये तारीख, ‘ठीक आहे’ आणि सही असं लिहितो. यंदा ऑडिटरनं शेरा मारला की नोंदीतून निर्णय सिद्ध होत नाही, ट्रेसेबिलिटी दिसत नाही आणि एक वर्षाच्या मुदतीला आधार नाही. स्लिप गेजचं सर्टिफिकेट तर फाईलला आहे! सगळ्यात जास्त वापर ०–२५ मायक्रोमीटरचा होतो (लीस्ट काउंट ०.००१ मिमी). त्यावर २०.२ मिमी व्यासाचा, ±०.०२५ टॉलरन्सचा शाफ्ट मोजतो. नोंद कशी ठेवू, टॉलरन्स किती धरू आणि मुदत कशी ठरवू?
– गुणवत्ता विभागातील एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘गरज असेल तर झिरो लावतो’ यात दडलेला आहे. झिरो लावण्याआधी साधन काय दाखवत होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिन्ही शेऱ्यांचं मूळ तिथंच आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो आणि मग तुमच्याच मायक्रोमीटरची एक नोंद पूर्ण करून दाखवतो.

साधन तुमच्या टेबलावर येतं तेव्हा ते गेल्या काही महिन्यांच्या कामाचं साक्षीदार असतं. त्या अवस्थेत घेतलेल्या वाचनांना ‘आल्या अवस्थेतली’ वाचनं म्हणू. दुरुस्ती किंवा झिरो लावून झाल्यावर घेतलेली ती ‘सोडतानाची’. सोडतानाची वाचनं उद्यापासूनच्या मोजमापाची हमी देतात. कालपर्यंत मोजलेल्या मालाबद्दल सांगू शकतात ती फक्त आल्या अवस्थेतली वाचनं. स्लीव्हला स्पॅनर लावला की ती माहिती कायमची जाते आणि पुन्हा कुठल्याही उपायानं मिळत नाही. म्हणून कार्यपद्धतीत पहिलं वाक्य हे लिहा : ऑपरेटर रोज जसं पुसतो तसं साधन पुसावं आणि झिरोला हात न लावता सगळ्या बिंदूंवर वाचनं घ्यावीत.

आता प्रत्यक्ष काम. मायक्रोमीटर आणि स्लिप गेज एकाच सरफेस प्लेटवर दोनेक तास शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे दोघांचं तापमान एक होईल. लांबीच्या मोजमापाचं संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस आहे, पण तुमची खोली २३ अंशांवर असली तरी घाबरायचं कारण नाही. दोन्ही वस्तू पोलादाच्या आहेत, जवळपास सारख्याच प्रसरण पावतात, त्यामुळे परिणाम बराचसा एकमेकांत विरून जातो. त्रास होतो तो दोघांच्या तापमानातल्या फरकाचा. पोलादाची २५ मिमी लांबी एका अंशाला साधारण ०.३ मायक्रॉननं बदलते. तळहातात दहा मिनिटं धरलेला मायक्रोमीटर आणि प्लेटवरची थंड स्लिप यांच्यात तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे एक मायक्रॉन तिथंच गेला. शक्यतो स्टँड वापरा, हातमोजे घाला. तुमच्याकडे ३०० मिमीचं साधन असेल तर हीच गोष्ट बारापट मोठी होते. तिथं तापमानाची नोंद आधी करायची आणि वाचन नंतर घ्यायचं.

बिंदू कोणते घ्यायचे, यात बहुतेक ठिकाणी चूक होते. ५, १०, १५, २०, २५ असे गोल आकडे घेतले जातात. मायक्रोमीटरच्या स्क्रूची पिच ०.५ मिमी असते, म्हणजे थिंबलच्या एका फेऱ्याला ०.५ मिमी. वरच्या प्रत्येक आकड्यावर थिंबल शून्याच्या रेषेवरच येऊन थांबतं. एका फेऱ्याच्या आत स्क्रू कुठं पुढं जातो, कुठं मागं राहतो, हे तुम्हाला कधीच दिसत नाही. ही चूक प्रत्येक फेऱ्यात परत येते आणि गोल आकड्यांच्या तपासणीत पूर्ण लपून राहते. म्हणून प्रचलित संच असा आहे : २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५.०, १७.६, २०.२, २२.८ आणि २५.० मिमी. यात थिंबल क्रमानं शून्य, ०.१, ०.२, ०.३, ०.४ वर थांबतं आणि मग पुन्हा तीच फेरी सुरू होते. या मापांचा तयार संच मिळतो, नाहीतर नेहमीच्या संचातल्या दोन स्लिप जोडून हवं ते माप बनवता येतं. योगायोगानं तुमचा शाफ्ट २०.२ चाच आहे, त्यामुळे तुमच्या कामाचा बिंदू थेट तपासला जातो. तसा तो नसता तर कामाच्या मापाजवळचा एक जादा बिंदू घ्या, असं मी सांगितलं असतं.

प्रत्येक बिंदूवर तीन वाचनं घ्या. दर वेळी स्पिंडल मागं घ्या आणि रॅचेट एकसारखं फिरवा, कारण मोजताना पडणारा दाब ५ ते १० न्यूटनच्या आत राहायला हवा. अॅन्व्हिल आणि स्पिंडलची तोंडं सपाट व समांतर आहेत का, ते ऑप्टिकल फ्लॅट आणि ऑप्टिकल पॅरलल यांनी तपासा. हे साहित्य नसेल तर या एका तपासणीसाठी मायक्रोमीटर वर्षातून एकदा बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवा आणि नोंदीत तसं लिहा. न केलेल्या तपासणीपुढे ‘ठीक’ लिहू नका.

खालचे आकडे मी नमुन्यादाखल घेतले आहेत. सतत वापरातल्या मायक्रोमीटरचं चित्र साधारण असंच असतं. चूक म्हणजे साधनानं दाखवलेलं माप वजा स्लिपचं खरं माप. तीन वाचनांची सरासरी, मायक्रॉनमध्ये :

| स्लिपचं माप (मिमी) | आल्या अवस्थेतली चूक | सोडतानाची चूक |
|---|---|---|
| ० (तोंडं मिटवून) | +३ | ० |
| २.५ | +३ | ० |
| ५.१ | +४ | +१ |
| ७.७ | +५ | +२ |
| १०.३ | +५ | +२ |
| १२.९ | +४ | +१ |
| १५.० | +३ | ० |
| १७.६ | +५ | +२ |
| २०.२ | +६ | +३ |
| २२.८ | +५ | +२ |
| २५.० | +४ | +१ |

या तक्त्याकडे जरा सावकाश पाहा. तीन मायक्रॉन सगळीकडे आहेत, तो झिरो सरकलेला आहे. तो काढला की मागं उरते ती चढ-उतार करणारी चूक : शून्यावर नाही, ०.२ आणि ०.३ च्या आसपास दोन मायक्रॉन, पुन्हा खाली. ती स्क्रूची आहे आणि झिरो लावून जाणार नाही. गोल आकड्यांवर तपासलं असतं तर झिरो लावल्यावर तुम्हाला जवळपास सगळीकडे शून्यच दिसलं असतं आणि शाफ्टवरचे तीन मायक्रॉन कळलेच नसते. २०.२ वर शेजारच्या बिंदूंपेक्षा एक मायक्रॉन जास्त आहे. रोज त्याच मापावर काम होत असल्यानं स्क्रू तिथं झिजत असेल, असं वाटण्यासारखं आहे. पण एका मायक्रॉनवरून मी तो निष्कर्ष काढणार नाही. पुढच्या दोन नोंदींमध्ये तो वाढला तर काढेन.

टॉलरन्सचं उत्तर कामाकडून मागं येतं. शाफ्टला ±२५ मायक्रॉन आहेत. साधनाची चूक कामाच्या टॉलरन्सच्या चौथ्या हिश्श्यात असावी, हा रूढ नियम धरला तर साधनाला ±६ मायक्रॉन मिळतात. आता या सहामधून तुमच्या स्वतःच्या कॅलिब्रेशनची अनिश्चितता वजा करायची. ती काढणं वाटतं तितकं अवघड नाही. दर्जा १ ची स्लिप २५ मिमीपर्यंत जास्तीत जास्त ±०.३ मायक्रॉन चुकू शकते, तिचा वाटा ०.२ धरा. व्हर्नियर रेघ जुळवताना एक मायक्रॉन इकडंतिकडं होतो, त्याचा वाटा ०.६. परत परत मोजताना पडणारा फरक तुमच्या वाचनांतून मिळतो, तो ०.७ समजू. तापमानाच्या फरकाचा ०.२. यांचे वर्ग करून बेरीज ०.९३ येते, वर्गमूळ ०.९६, आणि सुमारे ९५ टक्के खात्रीसाठी गुणक क = २ धरून त्याची दुप्पट १.९. म्हणजे २ मायक्रॉन. सहातून दोन गेले, चार उरले. तुमची स्वीकृती मर्यादा ±४ मायक्रॉन.

हा हिशोब नोंदीत एका ओळीत मावतो : ‘साधनाची परवानगी ±६, अनिश्चितता २ (क = २), स्वीकृती मर्यादा ±४, मर्यादेबाहेर असल्यास नापास.’ यालाच निर्णयाचा नियम म्हणतात. तो वाचनं घेण्याआधी लिहिलेला असावा, म्हणजे सीमेवरचा आकडा आला की मन वळवायला जागा राहत नाही. याच मायक्रोमीटरवर उद्या ±१० मायक्रॉनचं काम आलं तर चौथा हिस्सा अडीच मायक्रॉन येतो आणि त्यातून दोन गेले की अर्धा मायक्रॉन उरतो. तसं काम या साधनावर घेताच येणार नाही. हे नोंदीतूनच दिसायला हवं, म्हणून ‘कोणत्या टॉलरन्सच्या कामासाठी योग्य’ असा रकाना ठेवा.

आता निर्णय. सोडताना सगळ्यात मोठी चूक +३, चारच्या आत, साधन वापरायला योग्य. पण आल्या अवस्थेत ती +६ होती, मर्यादेबाहेर. इथं बरेच जण थांबतात : झिरो लावला, पास झालं, पुढचं साधन घ्या. आयएसओ ९००१ नेमकं इथंच विचारतं की साधन अयोग्य आढळलं तर आधीच्या मोजमापांवर परिणाम झाला का, ते ठरवलं का?

ते असं ठरवायचं. साधन ६ मायक्रॉन जास्त दाखवत होतं, अनिश्चितता धरून ८ पर्यंत. म्हणजे खालच्या मर्यादेवर, २०.१७५ वर, धोका आहे. ज्या शाफ्टचं वाचन २०.१७५ ते २०.१८३ च्या दरम्यान आलं, तो प्रत्यक्षात मर्यादेपेक्षा बारीक असू शकतो. २०.१८३ च्या वर वाचन असलेल्या शाफ्टला या बाजूनं काही भीती नाही. वरच्या मर्यादेवर उलटं होतं : २०.२२५ च्या किंचित वर वाचन आल्यानं जे नाकारले, त्यातले काही चांगले असतील. शाफ्टच्या तपासणी पत्रकात प्रत्यक्ष मापं लिहिली असतील तर संशयाच्या पट्ट्यातले मोजके शाफ्ट वेगळे काढून पुन्हा मोजता येतात. तिथंही ‘ओके’ एवढंच लिहिलं असेल तर सगळा माल संशयित ठरतो. कुठपासूनचा? शेवटच्या ज्या कॅलिब्रेशनला आकड्यांचा पुरावा आहे तिथपासूनचा, आणि तुमच्या रजिस्टरमध्ये तसं एकही नाही. हे ग्राहकाला सांगण्याची वेळ येण्याआधी पत्रक बदला.

चिन्हाबद्दल एक सावधगिरी. चूक +६ असेल तर दुरुस्ती −६ असते. काही प्रयोगशाळा सर्टिफिकेटमध्ये चूक देतात, काही दुरुस्ती देतात, आणि रकान्याचं शीर्षक न वाचता आकडा उचलला तर फरक दुप्पट होतो. तुमच्या नमुन्यात शीर्षकाखाली ‘वाचन वजा खरं माप’ असं स्पष्ट छापा.

ट्रेसेबिलिटीकडे येऊ. फाईलला सर्टिफिकेट आहे, हे चांगलंच आहे, पण तुमच्या नोंदीतून त्या सर्टिफिकेटपर्यंत जाणारी वाट नाही. ट्रेसेबिलिटी म्हणजे कॅलिब्रेशनची अखंड, लेखी साखळी, जिच्या प्रत्येक कडीवर अनिश्चितता लिहिलेली आहे. तुमचा मायक्रोमीटर तुमच्या स्लिपशी जोडलेला, स्लिप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या मापाशी, ती राष्ट्रीय मापन संस्थेशी, आणि तिथं लांबी लेसरच्या तरंगलांबीवरून, म्हणजे शेवटी १९८३ पासून चालत आलेल्या मीटरच्या व्याख्येवरून येते, जी प्रकाशाच्या वेगावर उभी आहे. वरच्या कड्या सांभाळणं तुमचं काम नाही. खालच्या दोन तुमच्या आहेत आणि साखळी तुटते ती बहुधा तिथंच.

म्हणून सर्टिफिकेट हातात घेऊन पाहा. त्यावरचा अनुक्रमांक आणि तुमच्या पेटीवरचा अनुक्रमांक एकच आहे का? प्रत्येक स्लिपचं प्रत्यक्ष मोजलेलं माप आणि अनिश्चितता दिली आहे का? प्रयोगशाळेची मान्यता आयएसओ/आयईसी १७०२५ प्रमाणे आहे का, आणि त्या मान्यतेच्या व्याप्तीत स्लिप गेज येतात का? वजनकाट्यांसाठी मान्यता असलेल्या प्रयोगशाळेनं दिलेलं स्लिपचं सर्टिफिकेट साखळी पुरी करत नाही. ‘राष्ट्रीय मानकांशी ट्रेसेबल’ एवढंच छापलेलं, एकही माप नसलेलं पत्रक मी तरी ग्राह्य धरणार नाही. पेटीतली एखादी हरवलेली स्लिप दुसऱ्या संचातून आणून ठेवली असेल तर ती सर्टिफिकेटमध्ये नाही, हेही तपासा.

मग नोंदीच्या वरच्या भागात हे सगळं उतरवा. मायक्रोमीटरचा ओळख क्रमांक आणि कंपनीचा अनुक्रमांक, पल्ला, लीस्ट काउंट, तो कोणत्या विभागात वापरतात, वापरलेल्या स्लिप संचाचा क्रमांक, त्याच्या सर्टिफिकेटचा क्रमांक आणि मुदत, कार्यपद्धतीचा क्रमांक व आवृत्ती, तारीख, सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान. मधल्या भागात वरचा तक्ता, पण सरासरीबरोबर तिन्ही वाचनंही. त्याखाली काय केलं ते (‘झिरो लावला’), निर्णयाचा नियम, निर्णय, मागच्या मालाबद्दल काय ठरलं ते, करणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची सही. दोन्ही सह्या एकाच माणसाच्या नकोत. चुकलेला आकडा एका रेघेनं असा खोडा की तो वाचता येईल आणि शेजारी सही करा. नोंद संगणकावर असेल तर वाचनं हातानं भरा आणि सरासरी व चूक सूत्रानं काढा. उलटं चाललेलं मी पाहतो, आधी चूक ठरते आणि मग तिला जुळणारी वाचनं भरली जातात. अशा नोंदीत तिन्ही वाचनं नेहमी तंतोतंत सारखी असतात, आणि अनुभवी ऑडिटर पहिल्यांदा तेच बघतो.

राहिला मुदतीचा प्रश्न. तुम्ही कदाचित प्रयोगशाळेनं पुढची तारीख लिहून द्यावी अशी वाट पाहत असाल. आयएसओ/आयईसी १७०२५ नुसार ग्राहकाशी तसं ठरलेलं नसेल तर प्रयोगशाळेनं सर्टिफिकेटवर मुदतीची शिफारस करायचीच नसते, आणि ते योग्य आहे. साधन रोज किती वेळा वापरलं जातं, किती वेळा पडतं, कुठल्या धुळीत राहतं, हे तिला माहीत नसतं. मुदत तुम्हीच ठरवायची आणि ती तुमच्या आकड्यांवरून.

इथं दोन्ही रकाने एकदम कामाला येतात. आज सोडतानाची वाचनं आणि पुढच्या वेळी आल्या अवस्थेतली वाचनं यांतला फरक म्हणजे मधल्या काळात साधन किती सरकलं ते. दोन्हीपैकी एक जरी नसेल तर सरकण्याचा वेग काढता येत नाही आणि मुदतीला आधार कुठून आणायचा, हा प्रश्न उरतो. या मायक्रोमीटरचा मागचा वेग आपल्याला माहीत नाही आणि तो मर्यादेबाहेर सापडला आहे, म्हणून आत्ता तीन महिने धरा. तीन महिन्यांनी आल्या अवस्थेतली सगळ्यात मोठी चूक मर्यादेच्या ८० टक्क्यांत, म्हणजे साधारण तीन मायक्रॉनपर्यंत असेल तर मुदत तीच ठेवा. सलग तीन वेळा तसं झालं तर सहा महिने करा. बाहेर गेली तर निम्मी करा. पायरी-पायरीनं मुदत वाढवण्या-घटवण्याची ही पद्धत मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात सांगितलेली आहे. मात्र सोडतानाच २०.२ वर +३ आहे, हे लक्षात ठेवा. या साधनाकडे सरकायला फार जागा उरलेली नाही आणि मुदत वाढण्याऐवजी ते बदलण्याची वेळ आधी येण्याची शक्यता मला जास्त दिसते.

दोन कॅलिब्रेशनच्या मध्ये रोज पाळी सुरू होताना ऑपरेटरनं झिरो आणि एक २०.२ ची कामाची स्लिप तपासून आकडा लिहावा. झिरो सरकलेला दिसला तरी त्यानं स्वतः लावू नये, तुम्हाला कळवावं. याचा फायदा संशयाच्या दिवशी कळतो. साधन बिघडलेलं सापडलं की मागं तीन महिन्यांचा माल तपासायचा की कालचाच, हे ती रोजची ओळ ठरवते. यासाठी वापरायची स्लिप कॅलिब्रेशनच्या संचातली नको. रोज हाताळली जाणारी स्लिप झिजते आणि ती झिजली की वरची सगळी साखळी तिच्याबरोबर जाते.

सगळ्या तीस साधनांना एकच मुदत लावण्याचं कारण नाही. कपाटात असणारा स्लिप संच वर्षानुवर्षं जवळजवळ स्थिर राहतो, त्याचा वेग त्याच्या लागोपाठच्या सर्टिफिकेटमधल्या मापांवरून काढा. मशीनवर लोंबकळणाऱ्या व्हर्नियर कॅलिपरची मुदत वेगळी असेल आणि महिन्यातून दोनदा निघणाऱ्या डेप्थ गेजची आणखी वेगळी. क्वचित वापरल्या जाणाऱ्या साधनांना तारखेऐवजी ‘वापरण्याआधी कॅलिब्रेट करा’ अशी चिठ्ठी लावली तरी चालते, फक्त ती कपाटातून बाहेर काढताना कोणीतरी वाचेल अशा जागी लावा.

ऑडिटरला उत्तर देताना तीसही साधनांची नवी पत्रकं एका आठवड्यात भरून दाखवू नका. या मायक्रोमीटरची एक पूर्ण नोंद, मागच्या मालाचा निर्णय आणि उरलेल्या साधनांचा क्रम द्या. क्रम लावताना ज्या साधनाची स्वीकृती मर्यादा कामाच्या टॉलरन्सच्या तुलनेत सगळ्यात घट्ट आहे, ते आधी घ्या.